रात्री अडीचला झोपणाऱ्या मुलाची झोप मागे कशी आणायची: सुरुवात सकाळपासून

मे महिन्याच्या मध्यावर माझ्याकडे येणाऱ्या पालकांची तक्रार बहुतेक एकच असते. मुलगा किंवा मुलगी रात्री दोन-अडीचपर्यंत मोबाइलवर असते, सकाळी अकराला उठते आणि १५ जूनला शाळा सुरू होतेय. घरात उपाय करून झालेला असतो: दहा वाजता मोबाइल काढून घ्यायचा आणि दिवा बंद करून झोपायला पाठवायचं. मूल अंधारात दोन-तीन तास तळमळतं, पालकांना वाटतं मुद्दाम जागतंय, आणि चौथ्या दिवशी मोबाइल परत हातात येतो.

हा उपाय फसतो कारण तो चुकीच्या टोकाला धरलेला आहे. झोपायची वेळ कोणालाही हुकमाने मागे ओढता येत नाही, उठायची वेळ मात्र ओढता येते. हळूहळू ओढली, सोबत उजेड दिला आणि संध्याकाळ सावरली, की झोप तीन-चार आठवड्यांत मागोमाग येते. पुढे दिलेलं उदाहरण मी पाहिलेल्या तीन-चार घरांतल्या गोष्टी एकत्र करून रचलं आहे: पुण्यातला पंधरा वर्षांचा मुलगा, नववी संपलेली, दहावीची शाळा सकाळी ७:१० ची.

दहाला झोप का येत नाही

शरीरात एक घड्याळ असतं. अंधार पडल्यावर ते मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सोडायला लावतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. वयात येताना हे घड्याळ आपोआप पुढे सरकतं, म्हणजे लहानपणी नऊला पेंगणारं मूल चौदा-पंधराव्या वर्षी अकरापर्यंत ताजंतवानं असतं. शिवाय दिवसभर जागून साचणारा झोपेचा ताण या वयात लहान मुलांपेक्षा सावकाश साचतो. या दोन गोष्टींवर मुलाचा काहीच ताबा नसतो. त्यावर सुट्टी, उशिरापर्यंतचा मोबाइल आणि दुपारची झोप यांची भर पडली, की अकराचे अडीच होतात.

नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सर्वांत जास्त जागं असतं. अडीचला झोपणाऱ्या मुलासाठी रात्री साडेअकरा ते दीड हा काळ म्हणजे आपल्यासाठीच्या संध्याकाळसारखा. त्याला दहाला आडवं करणं म्हणजे आपल्याला संध्याकाळी सहाला झोपायला लावणं. तो खरोखरच झोपू शकत नाही, ही गोष्ट आईवडिलांनी आधी मानली की घरातली निम्मी भांडणं थांबतात.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते, आणि सगळी योजना तिच्यावरच उभी आहे. शरीराचं तापमान पहाटे एका क्षणी सर्वांत खाली जातं. हा क्षण साधारण आपोआप जाग येण्याच्या दोन-तीन तास आधी असतो. त्यानंतर डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे येतं, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. त्याआधी उजेड पडला तर घड्याळ उलट आणखी पुढे जातं. आपल्या मुलाला अकराला जाग येते, म्हणजे त्याचा हा क्षण आठ-साडेआठच्या आसपास. त्याला पहिल्याच दिवशी पहाटे सहाला उठवून गच्चीवर नेलं, तर त्याच्या शरीराच्या हिशोबाने तो मध्यरात्रीचा उजेड ठरेल. म्हणून एका फटक्यात सहाला उठवणं कष्टाचं तर असतंच, पण उलट परिणाम करण्याचाही धोका असतो.

पहिला आठवडा: फक्त नोंद

सात दिवस काहीही बदलू नका. एका वहीत रोज सकाळी मुलाने स्वतः चार गोष्टी लिहायच्या: गादीवर किती वाजता गेलो, झोप अंदाजे किती वाजता लागली, जाग किती वाजता आली, दिवसा किती वेळ झोपलो. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, अंदाज पुरतो. मनगटावरचा बँड असला तरी वही लिहायला लावा. बँडचे आकडे पालक बघतात, वही मूल बघतं.

आमच्या उदाहरणातल्या मुलाची ११ ते १७ मेची वही अशी होती: झोप सरासरी अडीचला, जाग अकराला, तीन दिवस दुपारी चार ते सहा झोप. रात्रीची झोप साडेआठ तास होते आहे. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास लागतात. म्हणजे त्याच्या झोपेत खोट नाही, ती फक्त चुकीच्या जागी आहे. हे महत्त्वाचं, कारण सुट्टीतही ज्या मुलाला मोकळीक असून नीट झोप लागत नाही, त्याचा प्रश्न वेगळा असतो.

याच आठवड्यात मुलाशी एकदा शांतपणे बोला आणि त्याला स्वतःला या उशिराचा काय त्रास होतो ते विचारा. आमच्या मुलाने मार्कांचं काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "सकाळी ग्राउंडवर सगळे सातला खेळतात, मी उठतो तेव्हा घरी आलेले असतात." पुढचे चार आठवडे त्याच वाक्यावर चालले. तुमचं कारण त्याला चालणार नाही, त्याचंच कारण लागेल.

उठायची वेळ मागे आणणं

पहिल्या दिवशी आपोआप जाग यायच्या वेळेच्या अर्धा तास आधी उठवायचं. दोन दिवस तीच वेळ, मग आणखी अर्धा तास मागे. आमच्या मुलाचं वेळापत्रक १८ मेला साडेदहापासून सुरू झालं: २० ला दहा, २२ ला साडेनऊ, २४ ला नऊ, आणि याच चालीने ५ जूनला सहा. काही मुलं रोज अर्धा तास सहज पेलतात, पण दोन दिवसांची पायरी टिकते असा माझा अनुभव आहे, म्हणून वेळ हाताशी असेल तर घाई करू नका. पुढची पायरी घ्यायची की नाही ते कसं ओळखायचं? मूल ठरलेल्या वेळी उठतंय आणि रात्री गादीवर गेल्यावर अर्ध्या तासात झोप लागतेय, तर घ्या. नाहीतर तिथेच आणखी दोन दिवस थांबा.

उठल्यावर पंधरा मिनिटांच्या आत घराबाहेरचा उजेड, वीस ते तीस मिनिटं. घरातला ट्यूबलाइट पुरत नाही. आपल्या खोल्यांत उजेड साधारण शंभर ते तीनशे लक्स असतो, आणि ढगाळ आभाळाखालीसुद्धा तो काही हजार लक्स भरतो. म्हणून जूनच्या पावसातही उघड्या बाल्कनीत किंवा जिन्याच्या तोंडाशी बसण्याला अर्थ आहे, काचेच्या बंद खिडकीआड बसण्याला तेवढा नाही. सूर्याकडे बघायचं नाही, गॉगल घालायचा नाही. काय करायचं ते मुलाने ठरवावं: दूध आणणं, गच्चीवर चहा-पोहे, कुंड्यांना पाणी. या अर्ध्या तासात मोबाइल हातात असला तरी मी हरकत घेत नाही, डोळे आकाशाखाली असल्याशी मतलब. उठल्यापासून तासाभरात नाश्ता व्हावा.

ऋतूचा हिशोब ठेवा. जूनमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, म्हणून सहाला उठणाऱ्याला लगेच उजेड मिळतो. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो आणि तेव्हा शाळेची व्हॅन आधीच निघून गेलेली असते. हिवाळ्यात हेच काम करायचं झालं तर उजेडाचा वाटा शाळेच्या रस्त्यावर आणि मधल्या सुट्टीत मैदानावर भरून काढावा लागतो, आणि चाल हळू ठेवावी लागते.

उठवण्यावरून सर्वांत जास्त कटकट होते, म्हणून ते आधीच, दिवसा, ठरवून ठेवा. आमच्या घरातला करार असा: टेबलावरचं साधं गजराचं घड्याळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला. गजर झाल्यावर आई एकदाच येते, पडदा उघडते, पंखा बंद करते. पाच मिनिटांत मूल उठलं नाही तर बाबा येऊन गादी गुंडाळायला घेतात. ही शेवटची अट मुलाने स्वतः सुचवली होती, म्हणून ती चालली. दहा हाका, टोमणे, "रात्री काय करत होतास" हे काही नाही.

आणि त्याला आधी सांगून ठेवा की उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहणारच. ही झोपेची सुस्ती असते, ती सगळ्यांना येते आणि उतरते. "मला बरं वाटत नाहीये, आज राहू दे" हा निर्णय मुलं नेमका त्या अर्ध्या तासात घेतात. आमच्यात नियम होता: उजेडात वीस मिनिटं बसल्यावर जे वाटेल ते खरं धरायचं.

संध्याकाळ आणि मोबाइल

मोबाइल झोप तीन प्रकारे खातो, आणि तिन्ही सारखे नाहीत. उजेडाबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात तरुणांनी सलग पाच रात्री झोपेआधी चार तास उजळ पडद्यावर वाचन केलं. कागदी पुस्तक वाचण्याच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहाच मिनिटं जास्त लागली, शरीराचं घड्याळ मात्र दीड तासाने लांबलं. म्हणजे त्या रात्रीपुरता उजेडाचा परिणाम लहान, पण तो साचत जातो. दिवसा भरपूर बाहेरचा उजेड घेतलेल्या माणसावर रात्रीच्या उजेडाचा परिणाम कमी होतो, हेही सकाळच्या गच्चीचं आणखी एक काम.

दुसरा प्रकार उत्तेजनेचा: चुरशीची मॅच, ग्रुपवरची भांडणं, उत्तराची वाट बघणं. तिसरा सगळ्यांत साधा आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा: मोबाइल संपत नाही. पुस्तकाचं प्रकरण संपतं, टीव्हीवरची मालिका संपते, रील संपत नाही. ज्या मुलाला बारालाच झोप आली असती ते अडीचला झोपतं, कारण मध्ये थांबायची जागाच आली नाही. म्हणून पडदा पिवळा करणारी सेटिंग लावून निश्चिंत होऊ नका, तिसऱ्या प्रकाराला ती हात लावत नाही. थांबायची जागा आपल्याला तयार करावी लागते.

क्रम असा ठेवा. उठण्याच्या योजनेच्या पहिल्या चार-पाच दिवसांत मोबाइलची वेळ कमी करू नका, फक्त जागा बदला: गादीवर मोबाइल नाही. हवा तितका वेळ बघ, पण खुर्चीत, बाहेरच्या खोलीत. एवढ्यानेच बहुतेक मुलांचा अर्धा-पाऊण तास गळतो, कारण खुर्चीत पाठ दुखते आणि पेंग आलेली कळते. गादी हा झोपेचा इशारा राहिला पाहिजे. एका खोलीच्या घरात अभ्यास, गप्पा, जेवण सगळं एकाच दिवाणावर होतं, तिथे जुनी पद्धत उत्तम: दिवसा चटई, आणि गादी रात्री झोपायच्या वेळीच अंथरायची, सकाळी गुंडाळायची.

पाचव्या दिवसापासून मोबाइलची शेवटची वेळ ठरवा, झोपेच्या अपेक्षित वेळेच्या एक तास आधी. ती उठण्याच्या वेळेबरोबर अर्ध्या-अर्ध्या तासाने मागे येईल. आमच्या मुलाची ती २२ मेला रात्री साडेबाराला होती आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नऊला आली. इतक्या उशिराची पहिली वेळ ऐकून वडील चकित झाले होते. पण मुलाला पाळता येईल अशी पहिली वेळ दिली, म्हणूनच पुढच्या पाळल्या गेल्या.

त्या वेळी घरातले सगळे मोबाइल स्वयंपाकघरात फ्रिजवर चार्जिंगला लागतात, आईबाबांचेसुद्धा. बाबांचा मोबाइल उशाशी राहिला तर हा नियम आठवडाभरही टिकत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणखी तीन बारकावे. गेममध्ये मॅच अर्ध्यात सोडता येत नाही, म्हणून "साडेनऊला बंद" ऐवजी "नऊनंतर नवी मॅच सुरू नाही" असं ठरवा. क्लासच्या नोट्स रात्री ग्रुपवर येतात, म्हणून संध्याकाळीच त्या वहीत उतरवायच्या किंवा प्रिंट काढायची, नाहीतर अभ्यासाच्या नावाने मोबाइल परत येतो आणि तेव्हा कोणीच काही बोलू शकत नाही. आणि मित्रांना मुलाने स्वतः कळवावं की अमुक वाजल्यानंतर मी दिसणार नाही. उत्तर न दिल्याची धास्ती त्याने बरीच ओसरते. अचानक वायफाय बंद करणं मात्र निरुपयोगी, मोबाइल डेटा असतोच आणि विश्वास तेवढा जातो.

मधल्या तासात काय करायचं? रिकामा तास कोणालाच जमत नाही. आंघोळ, उद्याचं दप्तर, आजीशी पत्ते, छापील पुस्तक, पडदा न बघता गाणी. कुटुंबासोबत लांबून टीव्ही बघणं मला चालतं, कारण तो हातात नसतो आणि कार्यक्रम संपतो. घरातले पांढरे मोठे दिवे या वेळी बंद करून एक पिवळा बल्ब ठेवा. जेवण साडेआठपर्यंत आटपलं तर उत्तम. चहा-कॉफी दुपारी तीननंतर नको. कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि कोल्ड ड्रिंक व एनर्जी ड्रिंकमध्येही ते असतं.

गादीवर कधी जायचं

पेंग आल्यावर. ठरलेली वेळ झाली म्हणून नाही. पहिल्या आठवड्यात मूल दोनलाच झोपेल, जाऊ द्या. उठण्याची वेळ मागे सरकत गेल्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी झोपेचा ताण वाढतो आणि झोप आपसूक लवकर येऊ लागते. गादीवर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात कंटाळवाणं काहीतरी करायचं आणि पेंग आली की परत यायचं.

या दिवसांत झोप थोडी कमी पडते. दुपार जड जाते, चिडचिड होते. दुपारची झोप लागलीच तर तीनच्या आत, वीस मिनिटं, गजर लावून. चार ते सहाची झोप रात्रीचा सगळा साचलेला ताण खर्च करून टाकते, आणि योजना फसण्याचं हे मला दिसलेलं सर्वांत नेहमीचं कारण आहे. चार वाजता मुलाला घरात बसू देऊ नका, तीच खेळायला जायची वेळ करा. या काळात त्याने दुचाकी चालवायची नाही.

घसरल्यावर

२८ मेला आमचा मुलगा सकाळी आठवर आला होता. मग चुलत बहिणीचं लग्न आलं. दोन रात्री तीनपर्यंत जागरण, सकाळी साडेदहाला उठणं. आईला वाटलं सगळं पाण्यात गेलं. गेलं नव्हतं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला आठलाच उठवलं नाही, नऊला उठवलं, दुसऱ्या दिवशी साडेआठला, मग आठला. पाच दिवस गेले. सहाची वेळ ५ ऐवजी १० जूनला आली, शाळेच्या पाच दिवस आधी. म्हणून वेळापत्रकात सुरुवातीलाच आठवडाभराची सैल जागा ठेवा.

शाळा सुरू झाल्यावर धोका रविवारचा. शनिवारी उशिरा झोप आणि रविवारी अकराला जाग, की सोमवारी पुन्हा परदेशातून आल्यासारखी अवस्था. सुट्टीच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तीत जास्त एक तास उशिरा उठायचं. शनिवारी कितीही वाजता झोपला असला तरी सकाळची वेळ हीच, उरलेली भर दुपारच्या वीस मिनिटांवर आणि रविवारच्या रात्रीवर.

किती अपेक्षा ठेवायची तेही सांगते. सातच्या शाळेसाठी पंधरा वर्षांच्या मुलाला रोज नऊला झोपवणं बहुतेक घरांत होणार नाही, त्याचं शरीर तयार नसतं. दहा ते सहा, म्हणजे आठ तास, हे मी यश मानते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा आदेश काढला. पण उशिरा झोप येण्याची अडचण खरी होते ती त्याच्या पुढच्या वयात, आणि त्या वर्गांना तो लागू नाही.

शाळा चालू असतानाच करायचं असेल तर

तेव्हा सहाला उठणं टळत नाही, त्यामुळे पायऱ्यांची सोय नसते. अशा वेळी तीनच गोष्टी धरा: चार ते सहाची झोप पूर्ण बंद, रविवारचं उठणं दर आठवड्याला एकेक तास मागे, आणि मोबाइल गादीबाहेर. पहाटेच्या प्रखर उजेडामागे लागू नका, मधल्या सुट्टीत बाहेर राहणं जास्त सुरक्षित. यात सहा ते आठ आठवडे जातात. दिवाळीची सुट्टी मिळाली तर पायऱ्यांची योजना तेव्हा करा.

डॉक्टरांकडे कधी

मूल जोरात घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल. पुरेसं झोपूनही वर्गात बसल्या बसल्या झोप लागत असेल. उदासपणा, मित्र तोडणं, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणं असेल, तर झोपेच्या योजनेची वाट न बघता लगेच. दोन-तीन तास झोपूनही कित्येक दिवस अंगात प्रचंड उत्साह, वेगाने बोलणं असं दिसलं तरीही आधी मानसोपचारतज्ज्ञ, कारण अशा मुलाला सकाळचा प्रखर उजेड आणि झोपेतली ओढाताण बाधू शकते. मेलाटोनिनच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नका. त्या केव्हा, किती घ्यायच्या यावरच त्यांचा परिणाम ठरतो आणि चुकीच्या वेळी घेतल्या तर घड्याळ उलटं जाऊ शकतं.

एक फरक मात्र घरीच ओळखता येतो. ट्रेकला जायचं असलं की पहाटे पाचला टुणकन उठणारं आणि शाळेच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून पडून राहणारं मूल असेल, तर त्याचं घड्याळ बिघडलेलं नसण्याची शक्यता जास्त. शाळेत काहीतरी त्याला नकोसं आहे. तिथे गजर आणि गच्ची बाजूला ठेवून, वर्गात काय चाललंय ते आधी विचारायला हवं.